लॅमिनार-टर्ब्युलंट प्लेटचा सरासरी h जुळत नाही? आलेल्या आकड्यावरून चूक ओळखा

हीट ट्रान्सफर शिकवताना दर वर्षी याच आठवड्यात हाच प्रश्न येतो. लांब सपाट प्लेट, वरून हवा वाहते, सुरुवातीचा भाग लॅमिनार, पुढचा टर्ब्युलंट, आणि पूर्ण प्लेटचा सरासरी कोइफिशंट काढायचा. सूत्रं पाठ असतात, कॅल्क्युलेटर बरोबर असतो, तरी वर्गात पाच जणांची पाच उत्तरं येतात. गंमत अशी की ही चुकीची उत्तरं वाटेल तशी नसतात. ठरावीक चूक केली की ठरावीकच आकडा येतो. त्यामुळे मी आता वही तपासताना पायऱ्या वाचतच नाही. शेवटचा आकडा बघतो आणि चूक कुठे झाली ते सांगतो. खाली एकच गणित घेतलं आहे. तुमचं उत्तर त्यातल्या कोणत्या आकड्याशी जुळतं ते बघा.

प्लेट २ मीटर लांब, १ मीटर रुंद. हवा २७ अंश सेल्सिअसची, वेग १० मीटर प्रति सेकंद, लांबीच्या दिशेने वाहणारी. प्लेट सगळीकडे ६७ अंशांवर धरलेली. उष्णता फक्त वरच्या बाजूने जाते. संक्रमण, म्हणजे ट्रान्झिशन, रेनॉल्ड्स नंबर ५ लाख झाला की होतं असं धरायचं.

हवेचे गुणधर्म फिल्म टेंपरेचरला घ्यायचे. २७ आणि ६७ ची सरासरी ४७ अंश, म्हणजे ३२० केल्व्हिन. डेटा बुकात नेमकी ३२० ची ओळ नसेल तर ३०० आणि ३५० च्या मधून काढा:

```
nu = 17.9e-6 m2/s
k  = 0.0278 W/mK
Pr = 0.704,  Pr^(1/3) = 0.8896
```

आता काहीही करण्याआधी संक्रमणाची जागा काढा. ही पायरी बरेच जण गाळतात, कारण तयार सूत्रात ती दिसत नाही.

```
x_c  = 5e5 * nu / U = 5e5 * 17.9e-6 / 10 = 0.895 m
Re_L = U * L / nu   = 1.117e6
```

म्हणजे पुढच्या कडेपासून सुमारे ९० सेंटिमीटर लॅमिनार आणि उरलेले ११०.५ सेंटिमीटर टर्ब्युलंट. कागदावर प्लेट काढा आणि त्यावर ही रेघ मारा. पुढचं सगळं त्या रेघेभोवती फिरतं.

बरोबर उत्तर कसं येतं ते आधी बघू. दोन लोकल सूत्रं आहेत. लॅमिनार भागात `Nu_x = 0.332 Re_x^0.5 Pr^(1/3)` आणि टर्ब्युलंट भागात `Nu_x = 0.0296 Re_x^0.8 Pr^(1/3)`. सरासरी h म्हणजे लोकल h ची लांबीवरची बेरीज भागिले एकूण लांबी. ही बेरीज दोन तुकड्यांत करायची: शून्यापासून ०.८९५ पर्यंत पहिलं सूत्र, ०.८९५ पासून २ पर्यंत दुसरं. इंटिग्रेशन केलं की ०.३३२ चे ०.६६४ होतात आणि ०.०२९६ चे ०.०३७.

```
लॅमिनार तुकडा:
0.664 * (5e5)^0.5 = 469.5
469.5 * 0.8896 * 0.0278 = 11.61 W/mK

टर्ब्युलंट तुकडा:
0.037 * [(1.117e6)^0.8 - (5e5)^0.8] = 2551 - 1341 = 1210
1210 * 0.8896 * 0.0278 = 29.93 W/mK

h = (11.61 + 29.93) / 2 = 20.77 W/m2K
```

या ११.६१ आणि २९.९३ चं एकक नीट बघा. तो h नाही, h गुणिले लांबी आहे. बेरीज याचीच करायची असते. तुकड्यातुकड्याचे h हवे असतील तर लॅमिनार भागाची सरासरी ११.६१ भागिले ०.८९५, म्हणजे १२.९७, आणि टर्ब्युलंट भागाची २९.९३ भागिले १.१०५, म्हणजे २७.०९. प्लेटमधून जाणारी उष्णता २०.७७ × २ × १ × ४०, सुमारे १६६० वॉट.

आता तुमचा आकडा.

३१.५ आला असेल, तर तुम्ही पूर्ण प्लेट टर्ब्युलंट धरलीत. `0.037 Re_L^0.8` मध्ये Re_L टाकला आणि मोकळे झालात. रेनॉल्ड्स नंबर ५ लाखांच्या वर गेला, म्हणजे प्लेट टर्ब्युलंट, असा समज यामागे असतो. पण Re_L हा फक्त शेवटच्या टोकाचा नंबर आहे. पुढच्या कडेजवळ तो शून्यच असतो आणि ९० सेंटिमीटरपर्यंत ५ लाखांच्या खालीच राहतो. तेवढ्या भागात सूत्राने नसलेली टर्ब्युलंट उष्णता मोजली, म्हणून उत्तर ५२ टक्क्यांनी फुगलं.

हा शॉर्टकट कधी चालतो, असं लगेच कोणीतरी विचारतं. लॅमिनार भाग एकूण लांबीच्या ५ टक्क्यांहून कमी असला तर सरसकट टर्ब्युलंट धरा, असा ठोकताळा आहे. पण नेमक्या ५ टक्क्यांवरही, म्हणजे Re_L १ कोटी असताना, उत्तर सुमारे ६ टक्के जास्त येतं. तेवढं खपत असेल तर खुशाल वापरा. आपल्या प्लेटमध्ये लॅमिनार भाग ४५ टक्के आहे, इथे तो विचारही नको.

२५.२ आला असेल, तर तुम्ही टोकाचा लोकल h काढून तोच सरासरी म्हणून लिहिलात. ०.०३७ च्या जागी ०.०२९६ वापरला गेला आहे. यापेक्षा जास्त बोलण्यासारखं यात काही नाही. सूत्राच्या डोक्यावर आडवी रेघ आहे की नाही, तेवढं बघत जा.

२५.४ आला असेल तर मात्र थांबा. वरच्या आकड्याच्या शेजारीच आहे, पण चूक वेगळी आहे आणि ती विचार करणारी मुलंच करतात. तुम्ही टर्ब्युलंट भाग वेगळी प्लेट समजून सोडवलात: लांबी १.१०५ मीटर, रेनॉल्ड्स ६.१७ लाख, त्यावर ०.०३७ वालं सूत्र. त्यातून २९.९३ ऐवजी ३९.२५ येतात.

यात चूक अशी की टर्ब्युलंट सूत्रातला x हा प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजलेला आहे, रेघेपासून नाही. रेघेपासून मोजलात, तर रेघेवर x शून्य होतो आणि तिथला लोकल h अनंताकडे जातो. जणू हवा तिथे कोऱ्या प्लेटला पहिल्यांदाच भेटते आहे. खरं तर तिथपर्यंत ९० सेंटिमीटर घासत आलेली, जाड झालेली बाउंड्री लेयर आहे. म्हणून `Re_L^0.8` मधून `Re_c^0.8` वजा करायचं, फरकाचा ०.८ वा घात घ्यायचा नाही. शाळेत `(a - b)^2` आणि `a^2 - b^2` यांच्यात जो घोळ व्हायचा, तोच इथे वेषांतर करून आला आहे.

तरी या मुलांच्या शंकेत तथ्य आहे, हेही सांगून टाकतो. रेघेवर लॅमिनार लेयरची जाडी काढली तर सुमारे ६.३ मिलिमीटर येते. त्याच जागी टर्ब्युलंट सूत्राने काढली तर २४ मिलिमीटर. लेयर अशी एका झटक्यात चौपट जाड होत नाही. टर्ब्युलंट लेयरचा मानीव आरंभबिंदू खरं तर पुढची कड आणि रेघ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पुस्तकी रीत तो पुढच्या कडेवर धरते, कारण त्याने गणित सुटसुटीत राहतं. ही सोय आहे, निसर्गनियम नव्हे. पण तयार सूत्रातले आकडे या सोयीवरच बेतलेले आहेत, तेव्हा ती मोडून तेच आकडे वापरता येत नाहीत.

२० च्या आसपास, म्हणजे २०.०३ आला असेल, तर ही सगळ्यांत घातक चूक. तुम्ही १२.९७ आणि २७.०९ बरोबर काढलेत आणि दोघांची बेरीज करून दोनाने भागलंत. बरोबर उत्तर २०.७७, तुमचं २०.०३. साडेतीन टक्क्यांचा फरक. राउंडिंगमुळे झाला असेल म्हणून तुम्ही पुढे जाता, आणि कधीकधी तपासणाराही पुढे जातो.

हे जुळलं ते केवळ रेघ योगायोगाने प्लेटच्या मध्याजवळ पडली म्हणून. दूध डेअरीवर १ लिटर म्हशीचं दूध ६.५ फॅटचं आणि ४ लिटर गाईचं ३.५ फॅटचं एकत्र केलं, तर कोणी ५ फॅट धरत नाही. ४.१ धरतात, कारण गाईचं दूध चौपट आहे. इथे लिटरच्या जागी लांबी आहे, एवढंच.

पडताळायचं असेल तर वेग १० ऐवजी २० करा, बाकी सगळं तेच ठेवा. रेघ ०.४४७५ मीटरवर सरकते. लॅमिनार भागाचा सरासरी h २५.९ येतो, टर्ब्युलंटचा ४९.४. साधी सरासरी ३७.७ देते. लांबीच्या वजनाने काढलेलं बरोबर उत्तर ४४.१५ आहे. आता फरक १५ टक्के झाला आणि पितळ उघडं पडलं.

याच गणितात एक गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. वेग दुप्पट केला तरी लॅमिनार तुकड्याचा h गुणिले लांबी ११.६१ च राहतो, तसूभरही हलत नाही. कारण तो फक्त रेघेवरच्या रेनॉल्ड्स नंबरवर अवलंबून असतो आणि तो नंबर आपण ५ लाखांना बांधून ठेवला आहे. वेग वाढला की तुकडा आखूड होतो, h तितक्याच पटीत वाढतो. दोन्ही वेगांच्या गणितांत हा आकडा वेगळा आला, तर रेघेची जागा काढताना काहीतरी चुकलं आहे.

२२.७ आला असेल, तर पद्धत बरोबर आहे, पण गुणधर्म हवेच्या २७ अंशांना घेतलेत. ३०० केल्व्हिनला `nu` १५.८९ × १०⁻⁶ असतो, त्याने रेघ ०.८९५ वरून ०.७९५ मीटरवर सरकते. दहा सेंटिमीटर प्लेट फुकटात टर्ब्युलंट झाली आणि उत्तर ९ टक्के वाढलं.

हे सगळं इंटिग्रेशनवर विश्वास ठेवून सांगितलं. ज्यांना डोळ्यांनी बघायचं आहे त्यांनी प्लेटचे दोन लाख बारीक तुकडे करून बेरीज मारावी:

```python
U, L, nu, k, Pr = 10, 2.0, 17.9e-6, 0.0278, 0.704
Rec = 5e5
xc = Rec * nu / U
n = 200000
dx = L / n
s = 0.0
for i in range(n):
    x = (i + 0.5) * dx
    Re = U * x / nu
    if x < xc:
        Nu = 0.332 * Re**0.5
    else:
        Nu = 0.0296 * Re**0.8
    s += Nu * Pr**(1/3) * k / x * dx
print(xc, s / L)
```

०.८९५ आणि २०.७७ च्या अगदी जवळचा आकडा दिसेल. यातच `x` आणि लोकल h छापून घेतलात, तर रेघेवर h ६.५ वरून एकदम २९.६ वर उडी मारताना दिसेल. प्लेटवर सगळ्यांत जास्त उष्णता पुढच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीतून आणि मग रेघेच्या लगेच पुढून जाते. रेघेच्या अलीकडचा भाग सगळ्यांत आळशी. प्लेटखाली ५० सेंटिमीटरचे चार हीटर बसवले, तर त्यांना अनुक्रमे सुमारे ३४७, २४०, ५५५ आणि ५१९ वॉट लागतात. सर्वाधिक तिसऱ्याला, सर्वांत कमी दुसऱ्याला. रेघ दुसऱ्या हीटरच्या शेवटच्या अकरा सेंटिमीटरांत येते, तरीही. पट्टीचा हा हिशेब करताना पट्टीच्या शेवटापर्यंतची उष्णता काढा आणि तिच्यातून सुरुवातीपर्यंतची वजा करा. पट्टीच्या मध्यावरचा h घेऊन भागवाल, तर दुसरा हीटर हमखास चुकेल.

आता तयार सूत्राकडे. बहुतेक जण दोन तुकड्यांच्या भानगडीत न पडता हे वापरतात:

```
Nu_L = (0.037 Re_L^0.8 - 871) Pr^(1/3)
```

आपल्या प्लेटला ते २०.७७ च देतं. पण हा ८७१ कुठून येतो ते माहीत नसेल, तर दोन ठिकाणी तो तुम्हाला बुडवतो. ८७१ म्हणजे `0.037 * (5e5)^0.8 - 0.664 * (5e5)^0.5`, म्हणजेच १३४१ वजा ४६९.५. पूर्ण प्लेट टर्ब्युलंट धरून जास्तीची मोजलेली उष्णता परत करायची, ती ही रक्कम. ती ५ लाखांच्या रेघेवर ठरलेली आहे.

पहिला खड्डा: प्रश्नात संक्रमण ३ लाखांवर दिलं असेल, तर ८७१ चालत नाही. त्याच वजाबाकीत ५ लाखांच्या जागी ३ लाख टाका, ५२७ येतात. आपल्या प्लेटवर h मग २५.० होतो. १० लाखांवर दिलं असेल तर वजा करायची रक्कम सुमारे १६७० आणि h फक्त १०.९. प्रश्नातला हा एक आकडा वाचायचा राहिला, तर उत्तर जवळजवळ दुप्पट येऊ शकतं. ड्रॅगच्या गणितातला १७४२ हा याच ८७१ ची दुप्पट आहे, त्यालाही हेच लागू.

दुसरा खड्डा: वारा मंद असेल आणि Re_L च ५ लाखांच्या खाली असेल, तर प्लेटवर रेघच पडत नाही. ती प्लेटच्या बाहेर जाते. वेग ४ मीटर प्रति सेकंद घ्या. Re_L ४.४७ लाख, पूर्ण प्लेट लॅमिनार, h ५.४९. ८७१ वालं सूत्र ४.३८ देतं आणि तक्रार करत नाही. वेग २.५ केलात तर मात्र ते ऋण h देतं, म्हणजे गरम प्लेट गार हवेतून उष्णता ओढून घेते! एका मुलाने हे उत्तर दोन रेघा ओढून व्यवस्थित अधोरेखित केलं होतं. ऋण उत्तर आलं तर निदान जाग येते. ४.३८ सारखं उत्तर गुपचूप निसटतं. म्हणून पुन्हा तेच: आधी x_c काढा, तो L पेक्षा लहान आहे का बघा, मगच सूत्राला हात घाला.

आणि L म्हणजे प्रवाहाच्या दिशेची लांबी. आपलीच प्लेट आडवी फिरवून १ मीटरच्या बाजूने हवा सोडली, तर रेघ ०.८९५ वरच पडते, पण तिच्यापुढे जेमतेम दहा सेंटिमीटर प्लेट उरते. h १४.७ पर्यंत उतरतो. ‘लांब प्लेट’ या शब्दांवर भुलून २ मीटरच धरणारे दर वर्षी भेटतात.

प्रयोगशाळेत ही प्लेट ठेवून मोजमाप केलंत आणि २०.७७ आलं नाही, तर तो दोष तुमचा असेलच असं नाही. ५ लाख हा ठरवून घेतलेला आकडा आहे. खरं संक्रमण एका रेघेवर होतही नाही, त्याचा एक पट्टा असतो. पुढची कड, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि येणाऱ्या हवेतली खळबळ यांवर तो १ लाखापासून ३० लाखांपर्यंत कुठेही सरकू शकतो. साध्या पंख्याची हवा आधीच घुसळलेली असते, त्यामुळे तिच्यात रेघ पुढच्या कडेकडे सरकते आणि मोजलेला h हिशेबापेक्षा जास्त येतो. अशा वेळी दोन-तीन रेनॉल्ड्स नंबर धरून उत्तरांचा पट्टा द्यावा, एकच आकडा देऊ नये.

काही प्रश्नांत मात्र ही अनिश्चितताच काढून टाकलेली असते. पुढच्या कडेला बारीक तार चिकटवली आहे, किंवा ‘बाउंड्री लेयर ट्रिप केली आहे’ असं एक वाक्य मध्येच टाकलेलं असतं. तार प्रवाह तिथल्या तिथे टर्ब्युलंट करते, x_c शून्य होतो, परत करायची रक्कमही शून्य. मग ८७१ खोडून टाका. त्या प्लेटला ३१.५ हेच बरोबर उत्तर आहे.